जर्मनीतल्या नोकरीचं ऑफर लेटर: प्रोबेशन, नोटीस आणि बोनसची कलमं सही करण्याआधी कशी वाचावीत

जर्मनीतल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं की पहिली नजर वार्षिक पगाराच्या आकड्यावर जाते आणि दुसरी रुजू होण्याच्या तारखेवर. प्रोबेशन, नोटीस आणि बोनस या तीन कलमांवरून बहुतेकजण "हे तर सगळीकडे असतंच" म्हणत पुढे जातात. असतं हे खरं, पण जर्मनीत या तिन्हींचे नियम आपल्या सवयीपेक्षा वेगळे आहेत. शिवाय एका कलमाचा परिणाम दुसऱ्यावर होतो, त्यामुळे ती सुटी सुटी न वाचता एकाच कॅलेंडरवर मांडून वाचावी लागतात.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, सहा-सात वर्षांचा अनुभव असलेल्या फायनान्समधल्या एका उमेदवाराला ऑफर आली आहे. रुजू होण्याची तारीख 1 एप्रिल 2026. मूळ पगार वर्षाला 47,000 युरो. बोनस वर्षाला "6,000 युरोपर्यंत". जॉइनिंग बोनस 3,000 युरो, पण बारा महिन्यांच्या आत नोकरी सुटली तर तो परत करायचा. प्रोबेशन सहा महिने. त्यानंतर नोटीस "तिमाहीच्या अखेरीस संपणारी तीन महिने". ऑफर अगदी नेहमीसारखी दिसते. तिच्यात काय काय दडलंय ते आता बघू.

आधी कागद कोणता ते बघा

इंग्रजीत येणारं दोन पानी ऑफर लेटर हा बहुतेक वेळा नुसता गोषवारा असतो. खरा करार म्हणजे आर्बाइट्सफरट्राग. तो नंतर येतो आणि आठ-दहा पानांचा असतो. अनेकदा तो दोन रकान्यांत, जर्मन आणि इंग्रजी असा छापलेला असतो आणि शेवटी कुठेतरी एक ओळ असते की दोन्हींत फरक आढळला तर जर्मन मजकूर ग्राह्य धरला जाईल. म्हणून ऑफर लेटरला ईमेलवर होकार देताना "पूर्ण करार वाचून सही करेन" असं स्पष्ट लिहा. करार हातात येण्याआधी सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. व्हिसा हातात नसेल तर अजिबातच नको.

व्हिसाला उशीर झाला तर काय, हेही इथेच विचारून घ्या. काही करारांत ठरल्या दिवशी रुजू न झाल्यास दंडाचं कलम असतं आणि रुजू होण्याआधी करार मोडता येणार नाही असंही लिहिलेलं असतं. तुमच्या चुकीशिवाय झालेल्या उशिराबद्दल हा दंड लागू नये, पण "कामाची परवानगी मिळाल्यावर रुजू; उशीर झाल्यास तारीख पुढे जाईल" असं एक वाक्य करारात घालून घेतलं की प्रश्नच उरत नाही. एचआरला त्यात नवल वाटत नाही, परदेशी उमेदवारांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे.

प्रोबेशन: सहा महिने आणि दोन आठवडे

प्रोबेशनला जर्मनमध्ये प्रोबेट्साइट म्हणतात. कायद्याने ते जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं. या काळात दोन्हीपैकी कोणीही दोन आठवड्यांच्या नोटिशीवर करार संपवू शकतं. त्यासाठी महिनाअखेर गाठावी लागत नाही, आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी नोटीस देता येते. करारात ही मुदत वाढवून एक महिना करता येते. दोनपेक्षा कमी आठवडे मात्र साध्या करारात लिहिता येत नाहीत, ते फक्त युनियनबरोबरच्या सामूहिक करारातच शक्य असतं.

आपल्या उदाहरणात प्रोबेशन 1 एप्रिलला सुरू होऊन 30 सप्टेंबर 2026 ला संपतं. अनेकांना वाटतं की सप्टेंबरचा मध्य उलटला म्हणजे आता निभावलं, कारण दोन आठवडे शिल्लकच नाहीत. तसं नसतं. नोटीस प्रोबेशनच्या शेवटच्या दिवशी हातात पडली तरी चालते. 30 सप्टेंबरला पत्र मिळालं तर नोकरी 14 ऑक्टोबरला संपते आणि तरीही ती प्रोबेशनमधलीच नोटीस धरली जाते.

प्रोबेशन हे नोटिशीच्या मुदतीपुरतं असतं. काढून टाकण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षण ही वेगळी गोष्ट आहे आणि तेही पहिले सहा महिने मिळत नाही. त्यानंतर ते मिळतं, तेही साधारणपणे दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत. म्हणून "प्रोबेशन तीन महिनेच ठेवतो" अशी सवलत कोणी दिली तर ती घ्या, पण त्याने सहा महिन्यांची ही प्रतीक्षा कमी होत नाही, फक्त नोटीस लांबते. छोट्या स्टार्टअपमध्ये जाणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांची संख्या विचारून ठेवावी. तिथे सहा महिन्यांनंतरही हे संरक्षण नसू शकतं.

परदेशी माणसाच्या दृष्टीने या काळाला आणखी एक बाजू आहे. नोकरी मुदतीआधी संपली हे कळल्यापासून दोन आठवड्यांच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, म्हणजे आउसलेन्डरबेहोर्डेला, तुम्ही स्वतः कळवायचं असतं. कंपनीही कळवते, पण तुमची जबाबदारी वेगळी आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा युरोपियन युनियनचा काम आणि राहण्याचा परवाना, असेल आणि त्याला दोन वर्षं झाली नसतील, तर युरोपियन नियमानुसार तीन महिन्यांपर्यंतच्या बेकारीवरून ते काढून घेता येत नाही. नवी नोकरी शोधायला तेवढी मुदत आहे असं धरून चाला. बेकारी भत्ता मात्र मिळणार नाही, कारण त्यासाठी गेल्या तीस महिन्यांत किमान बारा महिने बेकारी विमा भरलेला असावा लागतो. म्हणून कुटुंबाला लगेच सोबत न्यायचं की सहा महिन्यांनी, हा प्रश्न प्रोबेशनचं कलम समोर ठेवून सोडवावा असं माझं मत आहे. घरभाड्याचा करार, डिपॉझिट, मुलांची शाळा हे सगळं दोन आठवड्यांच्या नोटिशीच्या भरवशावर उभं करणं मला धोक्याचं वाटतं.

नोटीस: एका दिवसाने तीन महिने

प्रोबेशन संपल्यावर कायद्यातली मूळ मुदत चार आठवड्यांची आहे आणि ती महिन्याच्या 15 तारखेला किंवा महिनाअखेरीला संपावी लागते. कर्मचाऱ्याची सेवा जसजशी वाढते तसतशी कंपनीने द्यायची नोटीस वाढत जाते: दोन वर्षांनी एक महिना, पाच वर्षांनी दोन, आणि पुढे वीस वर्षांनी सात महिन्यांपर्यंत. करारात यापेक्षा जास्त मुदत ठरवता येते आणि व्हाइट कॉलर नोकऱ्यांत ती सर्रास ठरवलेली असते. एक मर्यादा आहे: कर्मचाऱ्याची नोटीस कंपनीच्या नोटिशीपेक्षा लांब ठेवता येत नाही.

आपल्या उदाहरणात तीन महिने आहेत. आपल्याकडच्या नव्वद दिवसांची सवय असलेल्याला त्यात काही वावगं दिसत नाही. खोच आहे ती "तिमाहीच्या अखेरीस" या शब्दांत. नोटीस फक्त 31 मार्च, 30 जून, 30 सप्टेंबर किंवा 31 डिसेंबर यांपैकी एका दिवशीच संपू शकते, आणि त्याआधी पूर्ण तीन महिने गेलेले असावे लागतात. समजा, 2027 साली या उमेदवाराला दुसरी नोकरी मिळाली. त्याचं राजीनाम्याचं पत्र 30 सप्टेंबरला कंपनीत पोहोचलं तर तो 31 डिसेंबरला मोकळा होतो. तेच पत्र 1 ऑक्टोबरला पोहोचलं तर तीन महिने 1 जानेवारीला पूर्ण होतात, 31 डिसेंबर हुकतो आणि सुटका थेट 31 मार्च 2028 ला. एका दिवसाच्या उशिराने तीन महिने गेले. पैसे भरून नोटीस विकत घेण्याची आपल्याकडची पद्धत तिथे हक्काची नाही. दोघांनी मिळून लवकर सोडण्याचं ठरवलं तरच ते होतं, आणि नवी कंपनी सहा महिने थांबेलच असं नाही.

म्हणून सही करण्याआधी "तिमाहीच्या अखेरीस"ऐवजी "महिनाअखेरीस" असा बदल मागा. मूळ तीन महिने तसेच राहू द्या, त्यावर घासाघीस करण्यात फारसा अर्थ नाही. लांब नोटीस दोन्ही बाजूंनी लागू असते आणि नोकरी कंपनीकडून गेली तर तेच तीन महिने तुम्हाला पगारासकट मिळतात. व्हिसावर असलेल्या माणसाला हे कवच मोलाचं आहे.

करार ठरावीक मुदतीचा, समजा दोन वर्षांचा, असेल तर आणखी एक ओळ शोधा. मधेच नोटीस देऊन सोडता येईल असं करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर साधी नोटीस दोघांपैकी कोणालाच देता येत नाही. मग तुम्ही पूर्ण दोन वर्षं बांधले जाता.

राजीनामा असो वा काढून टाकल्याचं पत्र, जर्मनीत ते कागदावर, पेनने केलेल्या सहीसकटच चालतं. ईमेल, स्कॅन केलेली पीडीएफ, व्हॉट्सॲप, डिजिटल सही यातलं काहीही धरलं जात नाही. पत्र समोरच्याकडे पोहोचल्याचा दिवस मोजायचा असतो, पाठवल्याचा नाही. कंपनीने काढलं आणि ते तुम्हाला मान्य नसेल तर कामगार न्यायालयात जायला पत्र मिळाल्यापासून फक्त तीन आठवडे असतात. आणि कोणी मीटिंगमध्ये "परस्पर संमतीने" नोकरी संपवण्याचा कागद पुढे केला तर त्या दिवशी सही न करता तो घरी घेऊन या. त्या सहीने नोटिशीचा काळही जाऊ शकतो आणि नंतरच्या बेकारी भत्त्यातले बारा आठवडेही.

बोनस: "पर्यंत" या शब्दाची किंमत

आता 6,000 युरो. सर्वांत आधी हा बोनस कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. तेरावा पगार असेल तर रक्कम ठरलेली असते, फक्त ती नोव्हेंबरमध्ये किंवा दोन हप्त्यांत येते. वार्षिक आकडा बारा भागांत येणार की तेरा, हे तेवढं विचारा, कारण महिन्याचं घरभाडं त्यावर ठरतं. लक्ष्यांवर आधारलेला बोनस असेल तर लक्ष्यं कोण ठरवणार हे महत्त्वाचं: दोघांनी मिळून, की कंपनीने एकतर्फी. तिसरी जात म्हणजे कंपनीच्या मर्जीवरचा बोनस. त्यात "स्वेच्छेने, कोणतंही कायदेशीर बंधन न मानता" अशी शब्दयोजना दिसते. त्या रकमेवर घराचं बजेट आखू नये.

आपल्या उमेदवाराच्या करारात "6,000 युरोपर्यंत" आहे, जर्मनमध्ये "बिस त्सु". म्हणजे 6,000 हे छप्पर आहे. तो 1 एप्रिलला रुजू होतोय, म्हणजे 2026 मधले नऊ महिनेच त्याच्या वाट्याला येतात आणि छप्पर 4,500 वर उतरतं. लक्ष्यं 80 टक्के पूर्ण झाली तर 3,600. आता करारात "प्रोबेशन संपल्यावर बोनसचा हक्क सुरू होईल" अशी ओळ असेल तर मोजायला ऑक्टोबर ते डिसेंबर एवढेच तीन महिने उरतात. छप्पर 1,500 आणि 80 टक्क्यांनी 1,200. हे सगळे आकडे करापूर्वीचे आहेत. ऑफर लेटरवर "एकूण 53,000" वाचून जो माणूस निघाला, त्याच्या पहिल्या वर्षाचा हिशोब असा खाली येतो आणि त्यात कोणी फसवलेलं नसतं, सगळं लिहिलेलंच असतं. बोनस आला त्या महिन्याच्या पगारपत्रकात कपात बरीच मोठी दिसते, तेव्हा दचकू नका. जास्तीचा कापलेला कर वार्षिक विवरणपत्र भरल्यावर काही अंशी परत येऊ शकतो.

लक्ष्यं कोणत्या तारखेपर्यंत लेखी मिळतील हे करारात आहे का बघा. वर्ष सरत आलं तरी लक्ष्यंच सांगितली नाहीत असं घडतं. कंपनीने ती फारच उशिरा दिली किंवा दिलीच नाहीत तर कर्मचारी नुकसानभरपाई मागू शकतो, असा निकाल जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये दिला आहे. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात "माझी 2026 ची लक्ष्यं कधी मिळतील?" असा दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवणं सोपं आहे. तो ईमेल पुढे पुरावाही होतो.

दुसरी नेहमीची अट म्हणजे "बोनस देण्याच्या दिवशी नोकरी चालू असली पाहिजे आणि कोणीही नोटीस दिलेली नसली पाहिजे." समजा 2027 चा बोनस एप्रिल 2028 मध्ये मिळणार आहे आणि आपला माणूस मार्चअखेरीस बाहेर पडतोय. या ओळीनुसार वर्षभराच्या कामाचा बोनस गेला. कोर्टांचं म्हणणं असं की केलेल्या कामाचा मोबदला अशा नंतरच्या तारखेला बांधता येत नाही, त्यामुळे ही ओळ बऱ्याचदा टिकत नाही. निव्वळ निष्ठेसाठी दिलेल्या, म्हणजे कामगिरीशी संबंध नसलेल्या बक्षिसाबद्दल मात्र ती टिकू शकते. तेव्हा "मी मधेच रुजू झालो किंवा सोडून गेलो तर महिन्यांच्या प्रमाणात बोनस मिळेल का?" हा प्रश्न सहीआधीच विचारा.

एक छोटं कलम कराराच्या शेवटी असतं आणि ते जवळजवळ कोणीच वाचत नाही. देय झालेली कोणतीही रक्कम तीन महिन्यांच्या आत लेखी मागितली नाही तर तिच्यावरचा हक्क संपतो, असं ते सांगतं. म्हणजे एप्रिलमध्ये बोनस आला नाही आणि "मॅनेजर म्हणालेत, बघू" करत ऑगस्ट उजाडला, तर पैसे गेले. लेखी म्हणजे इथे ईमेल पुरतो. रक्कम आणि वर्ष नमूद करून तो वेळेत पाठवा. विनंती नको, मागणी हवी.

जॉइनिंग बोनस परत करायची अट

3,000 युरो पहिल्या पगाराबरोबर मिळतात आणि बारा महिन्यांच्या आत नोकरी सुटली तर परत जातात. आता हे कलम प्रोबेशनच्या शेजारी ठेवा. कंपनीनेच सप्टेंबरमध्ये काढलं तरी पैसे परत करायचे का? "कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास" असं लिहिलं असेल तर शब्दशः हो. अशी सरसकट अट जर्मन कोर्टात सहसा टिकत नाही, पण शेवटच्या पगारातून रक्कम कापून घेतल्यावर भांडत बसण्यात काय अर्थ? आधीच दोन बदल मागा. कर्मचाऱ्याने स्वतःहून सोडलं किंवा त्याच्या गैरवर्तनामुळे काढलं तरच परतफेड व्हावी. आणि दर महिन्याला रक्कम एक बारांशाने घटावी. तसं झालं तर आठ महिन्यांनी सोडणाऱ्याला 3,000 ऐवजी 1,000 द्यावे लागतात. रक्कम करापूर्वीची मोजणार की हातात आलेली, हेही लिहून घ्या. विमानभाडं आणि सामान हलवण्याचा खर्च कंपनी देत असेल तर त्याचीही अशीच अट असते.

आणि मग ब्लू कार्ड

आता सर्वांत महत्त्वाची बेरीज. 2026 मध्ये ब्लू कार्डसाठी किमान वार्षिक पगार 50,700 युरो आहे. इंजिनिअर, आयटी, डॉक्टर अशा तुटवड्याच्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ही मर्यादा कमी, 45,934.20 युरो आहे. आपला उमेदवार फायनान्समधला आणि अनुभवी, म्हणून त्याला वरचा आकडा लागू. 47,000 आणि 6,000 मिळून 53,000, म्हणजे बसतो असं वाटतं. पण खात्रीने मिळणारा पगारच धरला जातो. "पर्यंत" असलेला बोनस त्यात येत नाही, त्यामुळे अर्ज 47,000 वर अडतो.

यावर तोडगा सोपा आहे आणि कंपनीचा जास्तीत जास्त खर्च त्याने वाढत नाही. मूळ पगार 51,000 आणि बोनस 2,000 पर्यंत अशी फोड मागायची. एकूण कमाल आकडा तेवढाच राहतो, महिन्याला 4,250 युरो पक्के होतात आणि वर सांगितलेली बोनसची अनिश्चितताही लहान होते. ब्लू कार्डचं कारण पुढे केलं की एचआरलाही हे वरिष्ठांना समजावणं सोपं जातं. मर्यादेचा आकडा दर जानेवारीत बदलतो, तेव्हा अर्ज ज्या वर्षी कराल त्या वर्षीचा बघा.

एचआरला काय लिहायचं

सगळे प्रश्न एकाच ईमेलमध्ये, कलमाचा क्रमांक देऊन विचारा. फोनवर मिळालेलं "काळजी करू नका, सगळ्यांना बोनस मिळतो" हे उत्तर कुठेच नोंदलं जात नाही. जर्मनीत नोकरीच्या मुख्य अटी लेखी देण्याचा कायदा आहे. त्यानुसार प्रोबेशनचा काळ, नोटिशीची पद्धत आणि पगाराचे सगळे घटक बोनससकट, वेगवेगळे आणि देण्याच्या तारखेसह नमूद करावे लागतात. त्यामुळे बोनसची तारीख विचारण्यात आगाऊपणा काही नाही.

सगळंच मागायला जाऊ नका. या ऑफरमध्ये मी असतो तर क्रम असा लावला असता: आधी पगाराची फोड, कारण तिच्याशिवाय ब्लू कार्डच नाही. मग जॉइनिंग बोनसची घटती परतफेड. मग नोटीस महिनाअखेरीस. प्रोबेशनच्या लांबीवर एक शब्दही खर्च केला नसता. जे मान्य होईल ते सुधारित करारात किंवा दोघांच्या सहीच्या पुरवणीत यायला हवं. "नंतर बघू" असं उत्तर आलं तर ते कलम बदलणार नाही असं धरून, जुन्याच आकड्यांवर निर्णय घ्या.